लिहिलेले सांगताना

मराठी भाषा एकच. परंतु ती कागदावर एका रूपात वावरते आणि बोलण्यात दुसऱ्या रूपात. "मी उद्या तुझ्याकडे येणार आहे" असे जो मुलगा निबंधात लिहितो, तोच मुलगा मित्राला जिन्यावरून हाक मारून सांगताना "मी उद्या येणारे तुझ्याकडे" असे म्हणतो. दोन्ही वाक्ये मराठीच आहेत आणि अर्थही एकच आहे. पहिले वाक्य डोळ्यांनी वाचण्यासाठी आहे, दुसरे कानांनी ऐकण्यासाठी.

वाचणाऱ्याला एक मोठी सोय असते. एखादे वाक्य समजले नाही, तर तो थांबतो, ओळीच्या आरंभाकडे परत जातो आणि पुन्हा वाचतो. ऐकणाऱ्याला ही सोय नसते. बोललेले वाक्य हवेत विरून जाते आणि त्याच्या मागोमाग दुसरे वाक्य येऊन उभे राहते. शिवाय मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते. त्यामुळे वाक्य लांब असेल, तर ऐकणाऱ्याला आरंभीचे सर्व शब्द मनात साठवून क्रियापदाची वाट पाहात बसावे लागते. ग्रंथातील उतारा जसाच्या तसा मोठ्याने वाचून दाखविला की मुले चुळबुळ करू लागतात, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते. विषय कंटाळवाणा नसतो. वाक्ये डोळ्यांसाठी घडविलेली असतात आणि ती कानांवर लादली जातात.

असा उतारा बोलीत कसा आणावा, हे एका उदाहरणावरून पाहू. समजा, मुंबईतील एका शाळेच्या स्नेहसंमेलनात भारतातील पहिल्या प्रवासी आगगाडीची चित्रमालिका दाखवावयाची आहे. पडद्यावर चित्रे सरकत राहतील आणि पडद्यामागून एक विद्यार्थी निवेदन करील. समोर पाचवीतील मुले बसलेली असतील. ती शहरात वाढलेली आहेत. त्यांच्या कानांवर दिवसभर मराठीबरोबर हिंदी आणि इंग्रजीही पडत असते. निवेदनासाठी पुढील लिखित उतारा उपलब्ध आहे :

"दिनांक १६ एप्रिल १८५३ रोजी अपराह्णी साडेतीनच्या सुमारास मुंबईतील बोरीबंदर येथून ठाण्याकडे भारतातील पहिल्या प्रवासी आगगाडीने प्रस्थान केले. साहिब, सुलतान व सिंध या नावांच्या तीन बाष्पयंत्रांकडून ओढल्या जाणाऱ्या, १४ डबे जोडलेल्या या गाडीत सुमारे ४०० निमंत्रित आसनस्थ झाले होते. प्रस्थानसमयी २१ तोफांची सलामी देण्यात आली. बैलांच्या वा अश्वांच्या साहाय्यावाचून धावणारे हे वाहन दृष्टिपथात येताच मार्गाच्या दुतर्फा जमलेला जनसमुदाय विस्मयाने स्तिमित झाला. सुमारे ३४ किलोमीटरांचे अंतर आक्रमून गाडी त्याच दिवशी ठाण्यास पोहोचली."

उतारा नीटनेटका आहे. पाच वाक्यांत पुष्कळ माहिती आली आहे आणि एकही शब्द वाया गेलेला नाही. चित्राखाली छापावयाचा असता, तर त्यात काही बदलण्याचे कारण नव्हते. परंतु हाच उतारा पडद्यामागून ऐकू आला, तर पाचवीतील मुलांच्या हाती काय लागेल?

नवशिक्या निवेदक सामान्यतः प्रथम कठीण शब्द शोधतो. 'अपराह्णी'च्या जागी 'दुपारी', 'अश्व'च्या जागी 'घोडा', 'दृष्टिपथात येताच'च्या जागी 'दिसताच' असे बदल तो करतो आणि काम संपले असे समजतो. तसे केल्यास चौथे वाक्य असे होईल : "बैलांच्या किंवा घोड्यांच्या मदतीशिवाय धावणारी ही गाडी दिसताच रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जमलेली गर्दी आश्चर्याने थक्क झाली." शब्द सोपे झाले, पण वाक्य अजून पुस्तकातच राहिले आहे. घरी येऊन एखादी गोष्ट सांगणारे कोणतेही मूल इतके लांब वाक्य एका दमात बोलत नाही. शब्द हे भाषेचे कपडे आहेत असे मानले, तर येथे फक्त कपडे बदलले. चाल तीच राहिली. बोलीत आणावयाचे म्हणजे वाक्याची चालच बदलावी लागते.

ही चाल कशी बदलते, ते दुसऱ्या वाक्यावरून स्पष्ट होईल. त्या एका वाक्यात किती गोष्टी कोंबलेल्या आहेत, ते मोजून पाहावे. गाडीला तीन इंजिने होती. त्यांना नावे होती. डबे १४ होते. माणसे सुमारे ४०० होती. आणि ती सर्व आमंत्रण मिळालेली होती. एकूण पाच गोष्टी, आणि क्रियापद शेवटी एकच! शिवाय वाक्याचा आरंभ 'साहिब, सुलतान व सिंध' या नावांनी होतो. वाचणारा क्षणभर पुढे नजर टाकून ही इंजिनांची नावे आहेत हे जाणतो. ऐकणाऱ्याला मात्र ही तीन माणसे असावीत असे वाटते आणि ती माणसे आता काय करणार याची तो वाट पाहू लागतो. 'बाष्पयंत्र' हा शब्द येईपर्यंत त्याची समजूत चुकलेली असते, आणि ती दुरुस्त करण्याच्या खटपटीत '१४ डबे' त्याच्या कानावरून निघून जातात.

बोलताना माणूस प्रथम वस्तू डोळ्यांसमोर उभी करतो आणि मग तिच्याविषयी एकेक गोष्ट सांगतो. म्हणून आधी गाडी, मग डबे, मग डब्यांतील माणसे, मग इंजिने आणि सर्वांत शेवटी इंजिनांची नावे असा क्रम लावावा. प्रत्येक गोष्टीला तिचे स्वतःचे लहान वाक्य द्यावे. बोलीत आणखीही एक सोय आहे. ज्या शब्दावर भर द्यावयाचा, तो शब्द बोलणारा पुष्कळदा क्रियापदाच्या पलीकडे नेऊन ठेवतो. "गाडीला चौदा डबे होते" असे लिहिले जाते, पण सांगणारा म्हणतो, "गाडीला डबे होते चौदा." चौदा हा शब्द शेवटी आल्याने कानात घुमत राहतो. ही रचना लिखाणात फार वेळा आली तर खटकते. बोलण्यात ती अगदी सहज असते.

तिसऱ्या वाक्यातील अडचण निराळी आहे. "सलामी देण्यात आली" यात शब्द कठीण नाही की वाक्य लांब नाही; पण त्यात कोणी काही करतच नाही. 'करण्यात आले', 'सांगण्यात येते', 'ओढली जाणारी' ही रूपे सूचनाफलकांत आणि अहवालांत शोभतात, कारण तेथे काम महत्त्वाचे असते, करणारा नव्हे. बोलताना मात्र ऐकणाऱ्याचे मन करणाऱ्याला शोधत असते. "काल वर्गात काच फोडण्यात आली" असे कोणतेही मूल घरी सांगत नाही. म्हणून जो कर्ता दडलेला आहे, त्याला पुढे आणावे. गाडी इंजिनांकडून ओढली जात नाही. तीन इंजिने गाडी ओढतात. सलामी देण्यात येत नाही. तोफा सलामी देतात.

यानंतर शब्दांच्या शेवटाकडे वळावे. पुस्तकी मराठीतील 'असे केले', 'त्याने सांगितले', 'माझे पुस्तक' ही रूपे शहरी बोलण्यात 'असं केलं', 'त्यानं सांगितलं', 'माझं पुस्तक' अशी होतात. मराठीच्या लेखननियमांनीही पात्रांच्या तोंडची भाषा लिहिताना ही अनुस्वार असलेली रूपे मान्य केली आहेत. परंतु हा बदल यंत्रासारखा करीत सुटल्यास फसगत होते. एकाराने संपणारा प्रत्येक शब्द बदलत नाही. 'इंजिने' हे नपुंसकलिंगी अनेकवचन आहे, म्हणून बोलीत 'इंजिनं' होते. 'मुले' याचे 'मुलं' होते. पण 'डबे' आणि 'घोडे' ही पुल्लिंगी अनेकवचने आहेत. ती बोलीतही 'डबे' आणि 'घोडे' अशीच राहतात. 'सगळे लोक जमले' याचे कोणी 'सगळं लोक जमलं' केले, तर मराठी घरातील लहान मूलसुद्धा हसेल. व्याकरणाचे पुस्तक न उघडताही ही चूक ओळखता येते : वाक्य मोठ्याने म्हणावे; जीभ अडखळली की रूप चुकले.

दुसरी दक्षता अशी की, एकदा बोली रूप स्वीकारले की शेवटपर्यंत तेच ठेवावे. "गाडी आली आणि सगळं तिथेच थांबले" अशा वाक्यात अर्धा पाय पुस्तकात आणि अर्धा रस्त्यावर असतो. काही घरांत 'इथं, पुढं' म्हणतात, तर काही घरांत 'इथे, पुढे'; दोन्ही रूपे शहरात ऐकू येतात. निवेदकाने स्वतःच्या तोंडात बसलेले रूप घ्यावे, मात्र मध्येच ते बदलू नये. नागपूर, कोल्हापूर किंवा मालवण येथील मुलांसाठी हेच निवेदन करावयाचे असेल, तर तेथील बोलीचा विचार करावा लागेल. कोणतीही बोली लिखित भाषेची बिघडलेली नक्कल नसते. प्रत्येक बोलीला तिचे नियम असतात. 'डबे' न बदलता 'इंजिने' मात्र बदलतात, हा असाच एक नियम आहे.

आता शब्दांचा प्रश्न घ्यावा. तो शेवटी घेणेच योग्य, कारण वाक्ये मोकळी झाली की अर्धे कठीण शब्द आपोआप गळून पडतात. 'प्रस्थानसमयी', 'आसनस्थ', 'आक्रमून', 'दृष्टिपथात' या शब्दांचे काम 'निघताना', 'बसलेले', 'जाऊन' आणि 'दिसली' हे शब्द पुरेपूर करतात. म्हणून ते सोडण्यात तोटा नाही. परंतु काही शब्द असे असतात की ते मुलांना ठाऊक नसले, तरी गोष्टीला हवे असतात. 'बोरीबंदर' हे तसे नाव आहे. ते गाळून केवळ 'मुंबई' म्हटले, तर गाडी कोठून निघाली हेच हरवते. अशा वेळी नाव ठेवावे आणि लगेच मुलांच्या ओळखीची खूण जोडावी. आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस त्याच भागात आहे आणि शहरातील मुले त्याला 'सीएसएमटी' या नावाने ओळखतात. एवढे सांगितले की बोरीबंदर मुलांच्या नकाशावर येऊन बसते.

'आगगाडी' या शब्दाचेही तसेच आहे. मुले रोज 'ट्रेन' म्हणतात, म्हणून निवेदनात 'ट्रेन' हा शब्द येण्यास हरकत नाही; तो, तसेच 'स्टेशन' आणि 'इंजिन' हे शब्द, शहरी मराठीत मुरलेले आहेत. पण 'आगगाडी' या शब्दात त्या काळच्या नवलाचे कारणच दडले आहे : आगीच्या जोरावर चालते ती आगगाडी. तो शब्द एकदा तरी ऐकू यावा आणि उलगडूनही सांगावा. याउलट "क्राउड एकदम शॉक झाला" असे म्हणण्याची गरज नाही. 'गर्दी' आणि 'थक्क' हे शब्द मुलांच्या बोलण्यात जिवंत असताना त्यांना बाजूला सारण्यात सोपेपणा नसतो, उसने सोंग असते.

आकड्यांचे काय करावे? शहरातील कित्येक मुले 'त्रेपन्न' ऐकल्यावर क्षणभर थांबतात, कारण शाळेत ती इंग्रजी आकडे म्हणतात. त्यावर उपाय म्हणून साल गाळू नये. निवेदकाच्या कागदावर आकडा अक्षरांत लिहावा, म्हणजे तो वाचताना अडणार नाही. आणि आकड्यापाठोपाठ काळाचे एखादे माप द्यावे. 'आजोबांच्या आजोबांचाही जन्म झाला नव्हता तेव्हा' हे माप मुलांना पटकन कळते. आकडा स्मरणात राहिला नाही, तरी काळ किती दूरचा आहे हे राहते.

येथवर भाषेचा विचार झाला. परंतु सर्वांत मोठा धोका भाषेचा नसून सत्याचा आहे. सोपे करण्याच्या भरात लहानसा शब्द गळतो आणि गोष्ट खोटी होते. उताऱ्यातील 'प्रवासी' हा शब्द घ्यावा. "भारतातली पहिली ट्रेन मुंबईहून सुटली" हे वाक्य बोलण्यास सोपे आहे, पण ते खरे नाही. मद्रासजवळ रेड हिल्स येथे १८३७ साली दगड वाहून नेण्यासाठी आगगाडी वापरली गेली होती. मुंबईची गाडी पहिली ठरते ती प्रवाशांची गाडी म्हणून. तेव्हा 'प्रवासी' हा शब्द कठीण वाटल्यास 'माणसांना घेऊन जाणारी' म्हणावे; पण तो अर्थ सोडू नये. 'निमंत्रित' या शब्दाचेही तेच आहे. तो गाळला, तर ४०० माणसे तिकीट काढून बसली असे मुलांना वाटेल. 'सुमारे' या शब्दाची जागा 'साधारण' घेऊ शकतो, पण ती जागा रिकामी राहू नये. आणि २१ तोफांची सलामी म्हणजे तोफांचे २१ बार. २१ तोफा ओळीने उभ्या होत्या असे चित्र त्यातून निघू देऊ नये.

यापेक्षाही मोठी चूक म्हणजे रंग भरण्यासाठी काहीतरी जोडून देणे. "गर्दीतले एक म्हातारे आजोबा ओरडले, 'अरे, भूत आलं, भूत!'" असे वाक्य घातले, तर मुले खदखदून हसतील. पण ते आजोबा उताऱ्यात नाहीत. ते निवेदकाने निर्माण केले आहेत. घरी गेल्यावर मुले हेच आजोबा खरे म्हणून सांगतील. निवेदकाला लोकांचे नवल दाखवावयाचे असेल, तर त्याने स्वतःच्या तोंडून प्रश्न विचारावा : "ना बैल, ना घोडा; मग ही चालते कशी?" हा प्रश्न कोणाच्याही नावावर खपविलेला नाही. तो उताऱ्यातील चौथ्या वाक्याच्या अर्थातूनच निघतो.

हे सर्व ध्यानात घेऊन तयार केलेले निवेदन असे होईल :

"ही गोष्ट आहे अठराशे त्रेपन्न सालची. म्हणजे तुमच्या आजोबांच्या आजोबांचाही जन्म झाला नव्हता, तेव्हाची. एप्रिलची सोळा तारीख. दुपारचे साधारण साडेतीन वाजलेत. मुंबईत बोरीबंदरला एक गाडी निघायच्या तयारीत उभी आहे. बोरीबंदर कुठं? आज आपलं सीएसएमटी स्टेशन आहे ना, त्याच भागात. माणसांना घेऊन जाणारी आपल्या देशातली ही पहिली ट्रेन! आग पेटवायची, पाण्याची वाफ करायची आणि त्या वाफेच्या जोरावर चाकं फिरवायची. म्हणून तिचं नाव आगगाडी.

गाडीला डबे होते चौदा. आत बसली होती साधारण चारशे माणसं. तिकीट काढून नाही हं. ते सगळे पाहुणे होते, आमंत्रण मिळालेले. गाडी ओढायला इंजिनं किती? एक नाही, दोन नाही, तीन! आणि त्यांना चक्क नावं होती. एकाचं नाव साहिब, दुसऱ्याचं सुलतान आणि तिसऱ्याचं सिंध.

गाडी निघाली, तेव्हा तोफांनी सलामी दिली. एकवीस वेळा बार झाले!

रुळांच्या दोन्ही बाजूंना ही गर्दी! गाडी दिसली आणि सगळे बघतच राहिले. ना बैल, ना घोडा. मग ही चालते कशी?

मुंबईपासून ठाणं साधारण चौतीस किलोमीटर. गाडी त्याच दिवशी ठाण्याला पोचली."

या निवेदनात प्रारंभी 'वाजलेत', 'उभी आहे' अशी वर्तमानकाळाची रूपे आहेत आणि पुढे भूतकाळ आहे. लिखाणात हा दोष ठरला असता. बोलताना मात्र माणूस प्रसंग डोळ्यांसमोर आणताना वर्तमानात शिरतो आणि माहिती देताना भूतकाळात परततो. पडद्यावर गाडीचे चित्र असताना 'गाडी उभी आहे' हेच साहजिक वाटते. तसेच 'ना', 'हं', 'चक्क', 'म्हणजे' हे लहान शब्द अर्थात फारशी भर घालीत नसले, तरी ते ऐकणाऱ्याला श्वास घेण्यापुरती उसंत देतात आणि सांगणारा आपल्याशीच बोलतो आहे अशी जाणीव करून देतात. त्यांचे प्रमाण मात्र मिठाइतके असावे. प्रत्येक वाक्याला 'बरं का' जोडले, तर मुले गोष्ट ऐकण्याऐवजी 'बरं का' मोजू लागतात. 'भन्नाट', 'लय भारी' अशा चालू फॅशनच्या शब्दांबाबतही जपून राहावे. मुले असे शब्द आपापसांत वापरतात. पण पडद्यामागून ते आले की कोणीतरी त्यांचे सोंग आणीत आहे, हे ती तत्काळ ओळखतात. शिवाय असे शब्द लवकर शिळे होतात, आणि पुढच्या वर्षी तेच निवेदन पुन्हा करावयाचे झाल्यास ते जुन्या वर्तमानपत्रासारखे वाटते.

निवेदन साधले की नाही, हे ठरविण्याच्या दोन कसोट्या आहेत. पहिली जिभेची. निवेदकाने संपूर्ण मजकूर मोठ्याने वाचावा आणि जेथे दम पुरला नाही किंवा जीभ अडली, तेथे खूण करावी. तेथे वाक्य मोडावे. दुसरी कसोटी कानांची. ज्याने मूळ उतारा पाहिलेला नाही, अशा एका मुलाला निवेदन एकदाच ऐकवावे आणि कागद न देता विचारावे : गाडी कोठून निघाली? आत कोण बसले होते? लोकांना नवल कशाचे वाटले? "खूप लोक तिकीट काढून बसले होते" असे उत्तर आले, तर चूक त्या मुलाची नव्हे. निवेदनातील 'आमंत्रण' नीट ऐकू आले नाही. "साहिब आणि सुलतान गाडीत बसले होते" असे उत्तर आले, तर इंजिने नावांच्या आधी आणणे राहून गेले. प्रत्येक चुकीचे उत्तर निवेदनातील नेमकी जागा दाखविते. तेवढीच जागा सुधारावी.

एवढे झाले, तरी मूळ उतारा निरुपयोगी ठरत नाही. त्याची सत्तरएक शब्दांची माहिती बोलीत येताना दुपटीहून अधिक शब्द घेते; कारण बोलीला श्वासाला, पुनरुक्तीला आणि प्रश्नाला जागा लागते. 'विस्मयाने स्तिमित झाला' या तीन शब्दांत नवल आणि त्या नवलाने खिळून उभे राहणे हे दोन्ही सामावले आहे. बोलीत त्यासाठी 'सगळे बघतच राहिले' म्हणावे लागते आणि पुढचे काम निवेदकाच्या आवाजाला करावे लागते. म्हणून स्नेहसंमेलनाच्या दिवशी निवेदन पडद्यामागून ऐकू यावे आणि मूळ उतारा सभागृहाबाहेर चित्राखाली लावावा. गोष्ट ऐकून बाहेर आलेला मुलगा त्या फलकापुढे थांबेल, 'बाष्पयंत्र' या शब्दावर अडेल, आणि 'साहिब, सुलतान व सिंध' ही नावे शेजारीच पाहून त्या शब्दाचा अर्थ कोणालाही न विचारता जाणेल.